प्राप्तिकराचे कागद : वर्षभराची एकच यादी

प्राप्तिकराच्या विवरणपत्राला एकही कागद जोडावा लागत नाही. पगाराचा दाखला नको, विम्याची पावती नको, भाडेकरार नको. फक्त आकडे भरायचे. तरीही विवरणपत्रातल्या प्रत्येक आकड्यामागे एक कागद असतो. तो कागद समोर नसेल तर आकडा अंदाजाने भरला जातो, आणि पुढे खात्याने विचारणा केली तर उत्तर द्यायला हाताशी काही उरत नाही.

हे कागद एका दिवसात गोळा होत नाहीत, कारण ते एका दिवशी तयारच होत नाहीत. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. शाळेच्या फीची पावती सत्राच्या सुरुवातीला मिळते, विम्याची हप्ता भरला की मिळते, तर बँकेचे व्याज प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर. देणगीचे प्रमाणपत्र संस्थेने ३१ मेपर्यंत आणि कंपनीने फॉर्म १६ हा १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक यादी करायची, कागद येईल तशी त्यापुढे खूण करायची आणि रक्कम लिहून ठेवायची, ही पद्धत सोयीची ठरते. ही यादी कशी करावी हे येथे पुण्यातल्या एका काल्पनिक नोकरदाराच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या उदाहरणावरून पाहू.

दोन प्रकारचे कागद

यादीचे आधी दोन भाग करावेत : उत्पन्नाचे कागद आणि वजावटीचे कागद. दोन्हींचा स्वभाव वेगळा असतो.

उत्पन्नाची माहिती बहुतेक वेळा खात्याकडे आधीच पोचलेली असते. कंपनी पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती कळवते, बँक व्याजाची, म्युच्युअल फंड विक्रीची. ही सगळी माहिती करदात्याच्या पॅनवर एकत्र होते आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर ‘वार्षिक माहिती विवरण’ म्हणजे एआयएस या नावाने दिसते. इथे चूक होते ती विसरण्याची : खात्याला ठाऊक असलेले उत्पन्न करदात्याने दाखवलेलेच नसते.

वजावटीचे उलट असते. आईवडिलांच्या विम्याचा हप्ता मुलाने भरला, घरभाडे दरमहा दिले, मुलीची शिकवणी फी भरली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्याची. इथे कागद हरवला की वजावट दाखवण्याचा आधारच गेला. शिवाय कागद असूनही तो चालेलच असे नाही. तारीख, नाव आणि पैसे देण्याची रीत या तीन गोष्टी त्यावर बरोबर असाव्या लागतात.

उदाहरणातले कुटुंब

या नोकरदाराचा वर्षाचा एकूण पगार १० लाख रुपये. त्यात मूळ वेतन ६ लाख आणि घरभाडे भत्ता २ लाख ४० हजार. पत्नी, शाळेत जाणारी एक मुलगी आणि साठी ओलांडलेले आईवडील. राहायला भाड्याचा फ्लॅट. बँकेत ५ लाखांची दोन वर्षांची मुदत ठेव आहे. तिचे व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते आणि पैसे मुदतीअंतीच हातात येतात. कर त्याने जुन्या करप्रणालीने भरायचा ठरवला आहे. घरभाडे, विमा, फी यांच्या वजावटी त्याच प्रणालीत मिळतात.

उत्पन्नाचे कागद

यादीत पहिला येतो फॉर्म १६. त्याच्या ‘अ’ भागात प्रत्येक तिमाहीत किती कर कापला आणि सरकारजमा केला ते असते, तर ‘ब’ भागात पगाराचा तपशील आणि कंपनीने मान्य केलेल्या वजावटी. तो हाती आल्यावर वर्षभराच्या बारा पगारपत्रकांच्या बेरजेशी पडताळावा. पगारपत्रकांतून व्यवसाय कराचाही आकडा मिळतो. महाराष्ट्रात हा कर महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २,५०० रुपये कापला जातो आणि जुन्या प्रणालीत उत्पन्नातून वजा होतो. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ यादीत हवेत. नव्या कंपनीला आधीचा पगार कळवला नसेल, तर प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा दोन्हीकडे धरला जातो. मग विवरणपत्र भरताना बराच कर एकदम भरावा लागतो.

दुसरा कागद मुदत ठेवीच्या व्याजाचा, आणि सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच. उदाहरणातल्या ५ लाखांच्या ठेवीवर ७ टक्के दराने पहिल्या वर्षी सुमारे ३५,९३० रुपये व्याज होते. ते बचत खात्यात येत नाही, म्हणून पासबुकात दिसत नाही. २०२४-२५ मध्ये साठीच्या आतल्या ठेवीदाराला एका बँकेकडून वर्षाला ४० हजारांपर्यंत मुदत ठेवीचे व्याज मिळाले तर त्यातून टीडीएस कापला जात नसे. त्यामुळे इथे टीडीएस नाही आणि त्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ ए, हेही नाही. पैसे आले नाहीत, कर कापला नाही, मग कर लागत नसेल, असा समज इथेच होतो. पण टीडीएसची मर्यादा ही बँकेने कर कापण्यापुरती आहे; व्याज करपात्रच असते. बँक ते व्याज खात्याला कळवते आणि ते एआयएसमध्ये दिसते. काही जण सगळे व्याज मुदत संपल्यावर एकदम दाखवतात, पण तसे केले की दरवर्षीच्या एआयएसशी आकडा जुळत नाही. दरवर्षी जमा झालेले व्याज त्या त्या वर्षी दाखवणे सरळ पडते. त्यासाठी एप्रिलमध्ये बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेतून व्याज प्रमाणपत्र काढून घ्यावे. ठेवी दोन बँकांत असतील तर यादीत दोन ओळी हव्यात.

बचत खात्याच्या व्याजाची ओळ वेगळी ठेवावी. उदाहरणात ते ४,२०० रुपये आहे. जुन्या प्रणालीत साठीच्या आतल्या करदात्याला बचत खात्याच्या व्याजावर १० हजारांपर्यंत वजावट मिळते, मुदत ठेवीच्या व्याजावर मिळत नाही; म्हणून दोन आकडे एकत्र करून चालत नाही. ज्यांना लागू असेल त्यांनी लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या विक्रीचा भांडवली नफ्याचा तक्ता, आणि मागच्या वर्षीच्या कर परताव्यावर मिळालेले व्याज यांच्या ओळी घालाव्यात. परतावा करपात्र नसतो, पण त्यावरचे व्याज करपात्र असते.

वजावटीचे कागद

घरभाड्यासाठी एक पावती पुरत नाही. महाराष्ट्रात फ्लॅट बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिला जातो, त्यामुळे एप्रिल ते मार्च या वर्षात दोन करार येतात. उदाहरणातला पहिला करार ३१ जुलै २०२४ ला संपला; त्यात भाडे १७ हजार होते. १ ऑगस्टपासूनच्या करारात ते १८,५०० झाले. चार महिन्यांचे ६८ हजार आणि आठ महिन्यांचे १ लाख ४८ हजार मिळून वर्षाचे भाडे २ लाख १६ हजार झाले. फाइलमध्ये एकच करार असेल तर उरलेल्या महिन्यांचा आधार राहत नाही. यादीत म्हणून दोन्ही करार, भाडेपावत्या आणि भाडे गेल्याच्या बँकेच्या नोंदी अशा तीन ओळी येतात. वर्षाचे भाडे १ लाखाहून जास्त असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. तो करार करतानाच मागून घ्यावा. घर सोडल्यावर मागणे अवघड होते. अनामत रक्कम भाड्यात धरता येत नाही.

घरभाडे भत्त्याची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी मिळते : मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम, आणि मूळ वेतनाचे ४० टक्के, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या शहरांत ५० टक्के. २०२४-२५ साठी पुण्याला ४० टक्के लागू होते. उदाहरणात पहिला आणि तिसरा आकडा २ लाख ४० हजार, तर दुसरा २ लाख १६ हजारांतून ६० हजार जाऊन १ लाख ५६ हजार. सूट तेवढीच मिळते.

विमा, भविष्य निर्वाह निधी आणि फी या गोष्टी कलम ८० सी खाली येतात. मर्यादा दीड लाखाची. उदाहरणात निधीत पगारातून गेलेले ७२ हजार, आयुर्विम्याचे २४ हजार आणि मुलीच्या फीचे ४० हजार, मिळून १ लाख ३६ हजार झाले. यात महत्त्वाची असते ती पैसे भरल्याची तारीख. हप्त्याची देय तारीख २८ मार्च असली आणि पैसे ५ एप्रिलला भरले, तर ती वजावट पुढच्या वर्षात जाते. शाळेच्या पावतीत फक्त शिकवणी फी धरायची असते. विकास निधी, बस, गणवेश किंवा देणगी यांची रक्कम धरता येत नाही. पावतीवर एकच एकत्रित आकडा असेल तर शाळेकडून तपशीलवार पावती मागून घ्यावी. ही मागणी जूनमध्येच केली तर काम सोपे होते.

आरोग्य विम्यासाठी कंपनीचे हप्ता प्रमाणपत्र लागते. उदाहरणात स्वतःच्या कुटुंबासाठी १८ हजार आणि आईवडिलांसाठी ३० हजार गेले. ज्येष्ठ आईवडिलांसाठी मर्यादा ५० हजारांची असल्यामुळे पूर्ण रक्कम बसते. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. तो वडिलांच्या खात्यातून गेला असेल, तर मुलाला ती वजावट घेता येत नाही, मग घरात पैसे कोणी कोणाला दिले ते काहीही असो. म्हणून प्रमाणपत्राबरोबर आपल्या खात्यातून पैसे गेल्याची नोंदही जपून ठेवावी.

देणगीसाठी संस्थेची साधी पावती आता अपुरी पडते. ८० जी ची मान्यता असलेल्या संस्थेने देणगीदाराची माहिती खात्याला कळवून फॉर्म १० बीई नावाचे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यावर देणगीदाराचा पॅन बरोबर आहे ना, ते पाहावे. दोन हजारांहून जास्त रोख देणगीला वजावट नाही. उदाहरणात ५ हजारांची देणगी आहे आणि त्यावर ५० टक्के, म्हणजे २,५०० रुपयांची वजावट मिळते.

एका प्रमाणपत्राची किंमत

आता हिशेब जुळवता येतो. दहा लाखांतून घरभाड्याचे १ लाख ५६ हजार, प्रमाणित वजावटीचे ५० हजार आणि व्यवसाय कराचे २,५०० वजा केले की ७ लाख ९१ हजार ५०० उरतात. त्यात दोन्ही प्रकारचे व्याज मिळवले आणि ८० सी, आरोग्य विमा, देणगी व बचत खात्याचे व्याज या वजावटींचे १ लाख ९० हजार ७०० काढले, की करपात्र उत्पन्न ६ लाख ४० हजार ९३० होते. उपकरासह कर सुमारे ४२,३१० रुपये. त्याच वर्षी नव्या प्रणालीत याच व्यक्तीला सुमारे ४८,३७० रुपये भरावे लागले असते. म्हणजे जुनी प्रणाली सहा हजारांनी फायद्याची.

पण आईवडिलांच्या विम्याचे प्रमाणपत्र सापडले नाही आणि ३० हजारांची वजावट सोडावी लागली, तर जुन्या प्रणालीतला कर ४८,५५० च्या आसपास जातो आणि नवीच स्वस्त पडते. कोणती प्रणाली घ्यायची हे कागद किती पूर्ण आहेत यावर असे अवलंबून राहते. २०२५-२६ पासून मात्र नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे एवढ्याच उत्पन्नाच्या नोकरदाराला वजावटीचे कागद जमवण्याची गरज उरत नाही. त्याच्या यादीत उत्पन्नाचा भाग तेवढा राहतो. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये दोन्ही प्रणालींचा अंदाजे हिशेब करून यादीचा आकार ठरवावा.

यादीची मांडणी

यादी वहीत असो की संगणकावर, पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना ताळ्याचा, म्हणजे आकडा दुसऱ्या कशाशी पडताळला हे लिहिण्याचा.

| कागद | कोण देणार | केव्हा | रक्कम | ताळा |
|---|---|---|---|---|
| भाडेकरार (दोन) व पॅन | घरमालक | करार होताना | २,१६,००० | बँकेच्या नोंदी |
| शाळेची फी | शाळा | जून, नोव्हेंबर | ४०,००० | शिकवणी फी वेगळी |
| आयुर्विमा | विमा कंपनी | हप्त्यानंतर | २४,००० | भरल्याची तारीख |
| आरोग्य विमा (स्वतःचे कुटुंब) | विमा कंपनी | हप्त्यानंतर | १८,००० | स्वतःचे खाते |
| आरोग्य विमा (आईवडील) | विमा कंपनी | हप्त्यानंतर | ३०,००० | स्वतःचे खाते |
| ठेवीचे व्याज | बँक | एप्रिल | ३५,९३० | एआयएस |
| बचत खात्याचे व्याज | बँक | एप्रिल | ४,२०० | एआयएस |
| फॉर्म १० बीई | संस्था | मेअखेर | ५,००० | पॅन |
| फॉर्म १६ | कंपनी | १५ जूनपर्यंत | १०,००,००० | पगारपत्रके, २६ एएस |

प्रत्येक ओळीच्या कागदाला क्रमांक द्यावा आणि स्कॅन केलेल्या प्रतीला तोच क्रमांक व वर्ष असे नाव द्यावे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढावा. नोकरदाराची कंपनी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागते. तेव्हा जे दिले नाही ते फॉर्म १६ मध्ये येत नाही. ते विवरणपत्रात मागता येते, पण फॉर्म १६ आणि विवरणपत्र यांतला फरक खात्याच्या नजरेस येतो, म्हणून अशा ओळींचे कागद विशेष जपावेत.

२०२४-२५ च्या विवरणपत्रांपासून ही यादी आणखी उपयोगाची झाली आहे. जुन्या प्रणालीतल्या करदात्याला आता नुसती बेरीज लिहून चालत नाही. विमा पॉलिसीचा क्रमांक, आरोग्य विमा कंपनीचे नाव, घरभाड्याचा तपशील आणि गृहकर्ज असल्यास कर्जखात्याचा क्रमांक असे तपशीलही भरावे लागतात. ते यादीतच लिहिलेले असले की शोधाशोध होत नाही.

ताळा घालणे

बँका आणि इतर संस्था आपली वार्षिक माहिती ३१ मेपर्यंत खात्याला कळवतात. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचे विवरणही त्याच तारखेपर्यंत द्यायचे असते. त्यामुळे एप्रिल-मेमधला एआयएस बऱ्याचदा अपुरा असतो. जूनच्या मध्यानंतर तो आणि २६ एएस हे दोन्ही पोर्टलवरून उतरवून घ्यावेत. एआयएसच्या फाइलला पासवर्ड लागतो : लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे आठ अंकी जन्मतारीख.

मग यादीतले उत्पन्नाचे आकडे एकेक करून ताडून पाहायचे. एआयएसमध्ये आहे पण यादीत नाही असे काही निघाले, तर ते बहुधा विसरलेले व्याज किंवा लाभांश असतो. त्याचा कागद मिळवून यादीत नवी ओळ घालावी. एखादी रक्कम दोनदा आली असेल किंवा दुसऱ्याची असेल, तर पोर्टलवरच त्या नोंदीवर अभिप्राय देण्याची सोय आहे. यादीत आहे पण एआयएसमध्ये नाही असे उत्पन्नही दाखवावे लागते, कारण एआयएस पूर्ण असेलच असे नाही आणि जबाबदारी करदात्याची आहे. फॉर्म १६ मध्ये कर कापलेला दिसतो पण २६ एएसमध्ये नाही, असे आढळले तर आधी कंपनीला कळवून तिच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी. नाहीतर त्या कराचे श्रेय मिळत नाही.

जुनी प्रणाली हवी असलेल्या नोकरदाराने विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावे. मुदत टळली तर उशिराचे विवरणपत्र भरता येते, पण त्यात जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि मग जमवलेले वजावटीचे कागद त्या वर्षापुरते निरुपयोगी ठरतात.

भरल्यानंतर

विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. बहुतेक जण ती आधारच्या ओटीपीने करतात. त्यानंतर पोचपावती, विवरणपत्राची प्रत आणि कर भरला असल्यास त्याचे चलन या तीन ओळी यादीच्या शेवटी येतात. चौथी ओळ कलम १४३ (१) खालच्या सूचनापत्राची. त्यात करदात्याने भरलेले आकडे आणि खात्याने धरलेले आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात. फरक दिसला तर यादीतल्या त्या ओळीवर जाऊन कागद काढायचा आणि कोणाचे बरोबर ते पाहायचे.

२०२४-२५ च्या विवरणपत्राची सर्वसाधारण फेरतपासणी जून २०२९ अखेरपर्यंत सुरू होऊ शकते, आणि दडलेले उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याचे दिसले तर जून २०३१ अखेरपर्यंत. म्हणून प्रत्येक वर्षाची फाइल सहा-सात वर्षे ठेवावी. घर, जमीन, शेअर यांच्या खरेदीचे कागद मात्र ती मालमत्ता विकून त्या वर्षाचीही मुदत संपेपर्यंत जपावे लागतात, कारण नफा मोजताना खरेदीची किंमत त्यातूनच मिळते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे यादीत कलमाऐवजी कागदाचे आणि तो देणाऱ्याचे नाव लिहिले, तर तीच यादी पुढच्या वर्षीही वापरता येते.